‘पाठ सोडत नाही’ ही लाईन माझी होऊ शकते का?

*ताई, नमस्कार. आम्ही दोघं भाऊ पाठीवरच्या बॅगा बनवतो. ब्रँडचं नाव रजिस्टर झालंय, आता त्याखाली टाकायला स्लोगन हवंय आणि तेही रजिस्टर करायचंय. तीन लाईन्स उरल्यात: ‘हलकी, मजबूत, टिकाऊ’, ‘प्रत्येक प्रवासाचा सोबती’ आणि ‘पाठ सोडत नाही’. भावाला दुसरी आवडते, पण परवा एका दुसऱ्या कंपनीच्या टॅगवर ‘प्रवासाचा खरा सोबती’ दिसलं. रजिस्टरमध्ये शोधलं तर तिथे काहीच नाही. मग घेऊ का ती? तिसरी मला आवडते पण तो तर वाक्प्रचार आहे, सगळ्यांचाच, तो माझा कसा होणार? आणि कोणी आधी वापरलं नाहीये हे नक्की कसं बघायचं? – एक बॅगवाला*

बॅगवाले दादा, भावाला सांगा की दुसरी सोडा. तिसरी घ्या. पण लगेच टॅग छापायला देऊ नका, आधी थोडं काम आहे.

पहिलीपासून सुरू करते कारण ती सगळ्यात सोपी. ‘हलकी, मजबूत, टिकाऊ’ हे बॅगेचं वर्णन आहे, आणि ट्रेडमार्क ऑफिस कुठलंही घ्या, मालाचं नुसतं वर्णन करणारे शब्द ते एकाच्या नावावर करून देत नाही. लोक इथे एक चाचणी लावतात, की स्लोगनखाली स्पर्धकाचं नाव टाकून बघा, तरी बसत असेल तर स्लोगन वाईट. मला ती चाचणी पटत नाही, कारण त्या न्यायाने कुठलंही चांगलं स्लोगन कोणाच्याही नावाखाली बसेल, तुमचं तिसरंसुद्धा कुठल्याही बॅगेखाली बसतं. खरा प्रश्न असा विचारायचा: समोरच्याला स्वतःच्या मालाबद्दल खरं ते सांगायला हे शब्द लागतात का? हलक्या बॅगेला हलकी म्हणायला ‘हलकी’ लागतंच, ते तुम्ही अडवू शकत नाही. पण ‘पाठ सोडत नाही’ म्हटल्याशिवाय कोणाचं काही अडतं का? नाही ना. मग ते एकट्या तुम्हाला दिल्याने बाजाराचं काही बिघडत नाही, आणि असाच शब्द मागायचा असतो.

आणि समजा वर्णनाचे शब्द कसेबसे रजिस्टर झाले, तरी उपयोग किती? दिल्ली हायकोर्टात २०१० मध्ये एक केस झाली, स्टोकली व्हॅन कॅम्प विरुद्ध हाइन्झ. एका स्पोर्ट्स ड्रिंकवर रिहायड्रेट, रिप्लेनिश, रिफ्युएल अशी तीन शब्दांची लाईन होती, समोरच्याने आपल्या पेयावर रिहायड्रेट्स आणि रिप्लेनिशेस घेतलं आणि तिसऱ्या जागी रिचार्जेस टाकलं. पहिल्या कंपनीकडे रजिस्ट्रेशन होतं तरी मनाई हुकूम मिळाला नाही, कारण हे शब्द पेय काय करतं तेच सांगतात, आणि तेवढं सांगायचा हक्क समोरच्यालाही आहे. म्हणजे सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर, आणि हातात काही नाही.

आता दुसरी, ‘प्रत्येक प्रवासाचा सोबती’. तुम्ही म्हणता रजिस्टरमध्ये काही सापडलं नाही म्हणून घेऊ का. इथेच बहुतेक जण फसतात. रजिस्टरमध्ये एखादी लाईन नसण्याची दोन अगदी उलटी कारणं असू शकतात, एक म्हणजे ती खरंच कोणाला सुचली नाहीये, आणि दुसरं म्हणजे ती इतकी सगळ्यांना सुचलीय की कोणाला मिळालेलीच नाही, किंवा मिळणार नाही म्हणून कोणी अर्जच केला नाही. सोबतीवाली दुसऱ्या प्रकारातली आहे. बॅगा, बूट, छत्र्या, गाड्या, पाण्याच्या बाटल्या, सगळे प्रवासाचे सोबतीच असतात हो. असली लाईन वाचणारा माणूस तिच्यावरून माल कोणाचा ते ओळखत नाही, तो म्हणतो जाहिरात आहे, आणि पुढे जातो. ट्रेडमार्कचं काम मालाचा धनी ओळखवणं आहे, कौतुक करणं नाही. अमेरिकेच्या ट्रेडमार्क बोर्डाने १९९८ मध्ये व्होल्व्होला ‘ड्राइव्ह सेफली’ नाकारलं ते याच कारणाने. गाडी सावकाश चालव, नीट चालव हे तर घरातून निघताना कोणीही कोणालाही म्हणतं, ते ऐकून ही अमुक कंपनीची गाडी असं कोणाच्या डोक्यात येत नाही. कंपनी सुरक्षिततेसाठी कितीही नावाजलेली असो.

स्पर्धक वापरतात ती लाईन घेतली की मार दोन्हीकडून बसतो. एकाच कंपनीने ती मनापासून, बरीच वर्षं वापरली असेल तर रजिस्टर केलेली नसली तरी बऱ्याच देशांत नुसत्या वापरानेही हक्क तयार होतो आणि ते तुम्हाला अडवू शकतात. दहा जण वापरत असतील तर अडवणारा कोणी नाही, पण मग तुमचीही होत नाही, कारण ती त्या धंद्यातली सवयीची भाषा झाली. तुम्हाला एक टॅग दिसला, मी म्हणते अजून चार तरी असतील, बघाच.

भाऊ कदाचित म्हणेल की नंतर वापरून वापरून आपली होईल की. होते कधी कधी. नेस्लेची केस बघा, त्यांना ‘हॅव अ ब्रेक, हॅव अ किटकॅट’मधलं नुसतं ‘हॅव अ ब्रेक’ हवं होतं, दुसऱ्या चॉकलेट कंपनीने, मार्सने, विरोध केला होता, युरोपच्या सर्वोच्च कोर्टाने २००५ मध्ये सांगितलं की मोठ्या स्लोगनचा एक तुकडा म्हणून वापरूनसुद्धा ओळख तयार होऊ शकते. पण त्यामागे जाहिरातीची कित्येक वर्षं होती. अमेरिकेत पाच वर्षांच्या वापराचा पुरावा चालू शकतो, फक्त तो वापर जवळजवळ तुमच्या एकट्याचा पाहिजे. आणि सोबती तर पहिल्या दिवसापासूनच शेजारच्या टॅगवर बसलाय. त्यामुळे तो रस्ता तुमच्यासाठी बंदच समजा.

आता तिसरी. वाक्प्रचार सगळ्यांचा आहे हे खरंच, आणि रजिस्टर झाल्यावरही तो सगळ्यांचाच राहणार. डासांनी रात्रभर पाठ सोडली नाही असं कोणी लिहिलं तर तुम्ही त्याला नोटीस पाठवणार नाही आहात. ट्रेडमार्क शब्दांची मालकी देत नाही, ठरावीक मालावर ठरावीक प्रकारे वापरण्याचा हक्क देतो. म्हणून प्रश्न असा नाही की मराठीत हे कोणी म्हणतं का, प्रश्न असा की बॅगांच्या धंद्यात हे कोणी म्हणतं का.

ही लाईन मला का आवडते ते सांगते. ऐकणारा आधी ‘पिच्छा सोडत नाही’ हा अर्थ धरतो, मग बॅग बघतो, मग त्याला पाठ म्हणजे खरीखुरी पाठ दिसते, आणि मग हसतो. हा जो अर्धा सेकंद जातो ना तोच तुमचा मुद्दा आहे. ऑडीच्या ‘फोरश्प्रुंग डुर्ख टेक्निक’ची केस २०१० मध्ये युरोपच्या सर्वोच्च कोर्टात गेली होती. खालच्या पातळीवर म्हणणं होतं की तंत्रज्ञानामुळे आघाडी असं काहीतरी सांगणारी ही साधी जाहिरातच आहे. कोर्ट म्हणालं, जाहिरात असली म्हणून काय झालं, ती एकाच वेळी जाहिरातही असू शकते आणि ओळखही, आणि जिच्यात थोडी गंमत आहे, जी लक्षात राहते, जिचा अर्थ लावायला वाचणाऱ्याला थोडं डोकं चालवावं लागतं ती ओळख होऊ शकते. (लाईन आधीच प्रसिद्ध होती याचाही फायदा झाला, तो तुम्हाला नाही मिळणार.) तुमच्या तीन लाईन्समध्ये डोकं फक्त तिसऱ्या लाईनला चालवावं लागतं.

पण तिच्यात एक खोच आहे आणि ती मराठी माणसाच्या लक्षात येत नाही. अर्ज तपासणाऱ्याला मराठी येत नसेल तर? बऱ्याच ऑफिसांत दुसऱ्या भाषेतल्या शब्दांचं भाषांतर द्यावं लागतं, आणि तुम्ही शब्दशः लिहिलंत की ‘पाठीवरून हलत नाही’ तर झालं कल्याण, कारण आता ते पाठीवरच्या बॅगेचं सरळ वर्णन वाटतं, पट्टा घसरत नाही एवढंच. म्हणून भाषांतराच्या रकान्यात वाक्प्रचाराचा अर्थ आधी लिहा, पिच्छा न सोडणे, चिकाटीने मागे लागणे, आणि मग लिहा की शब्दशः पाठ हाही अर्थ निघतो आणि श्लेष आहे. दोन्ही लिहा, लपवाछपवी नको. पण श्लेष कागदावर दिसलाच पाहिजे, आपोआप कोणाला कळणार नाही. याचीच उलटी बाजू, साधं वर्णनाचं इंग्रजी वाक्य मराठी केलं म्हणून ते वेगळं होत नाही, भाषा समजणारे गिऱ्हाईक असतील तर अर्थच बघितला जातो.

निगेटिव्ह वाटते म्हणून लाईन सोडू नका, फक्त पाच-सात अनोळखी माणसांना बॅगेचा फोटो आणि ही लाईन दाखवा आणि काही न सांगता विचारा की काय कळलं. ते हसले तर चालेल. ‘पट्टा चांगला आहे वाटतं’ असं बहुतेकांनी म्हटलं तर मात्र तपासणाराही तेच म्हणेल हे समजून घ्या.

शोधायचं कसं ते आता. नुसती अख्खी लाईन टाईप करून एंटर मारणं हा शोध नाही. लाईनचं हाड काढा, इथे ‘पाठ सोड’ एवढंच आहे, त्याच्या पुढचं सोडत नाही, सोडणार नाही, सोडेना, कधीच सोडत नाही हे सगळं बदलू शकतं. मग तेच रोमन अक्षरांत, लोक जसं लिहितात तसं तीन-चार प्रकारे, पाठचं स्पेलिंग तर प्रत्येकाचं वेगळं असतं. मग अर्थाने, म्हणजे पिच्छा, आणि शेजारच्या भाषेत ‘पीछा नहीं छोड़ती’, कारण भाषांतरातून अर्थ जुळला तरी हरकत येऊ शकते. हे आधी तुमच्या देशाच्या रजिस्टरमध्ये शोधा, मग बाहेर माल पाठवायचा असेल तर वायपो या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा ग्लोबल ब्रँड डेटाबेस आणि टीएमव्ह्यू, दोन्हीत बऱ्याच देशांची रजिस्टरं एकत्र शोधता येतात आणि दोन्ही फुकट आहेत.

क्लासचं, म्हणजे ट्रेडमार्कसाठी मालाचे जे गट पाडलेत त्यांचं, एक लक्षात घ्या. सगळा माल आणि सेवा मिळून ४५ क्लास आहेत, त्यातले पहिले ३४ मालाचे. पाठीवरच्या बॅगा क्लास १८ मध्ये येतात, पण खास लॅपटॉपसाठी बनवलेल्या बॅगा क्लास ९ मध्ये जातात, हे बॅगवाल्यांनाही माहीत नसतं. तुम्ही दोन्ही बनवत असाल तर दोन्हीत शोधा आणि अर्जही दोन्हीत करा. क्लास २५ म्हणजे कपडे-बूट आणि ३५ मध्ये विक्रीच्या सेवा, तेही बघून घ्या, कारण क्लास वेगळा म्हणजे सुटलो असं नसतं, एकाच दुकानात एकाच गिऱ्हाइकाला विकला जाणारा माल जवळचाच धरतात.

समजा दोन गोष्टी सापडल्या. एक, बॅगांच्याच क्लासमध्ये कोणाचं तरी ‘आम्ही तुमच्या पाठीशी’. दोन, प्रवासी बॅगांची कव्हरं विकणाऱ्याचं ‘कधीच पाठ सोडणार नाही’. पहिल्यात पाठ शब्द सारखा आहे म्हणून घाबरायचं कारण नाही, पाठीवरच्या मालात पाठ सगळेच वापरणार, तो त्या मार्कचा दुबळा भाग झाला, आणि पाठीशी असणं म्हणजे आधार देणं, पूर्ण वेगळा अर्थ, वेगळा ठसा. दुसऱ्यात मात्र हाड तेच, श्लेष तोच, माल चिकटलेला. तिथे आमच्या लाईनमध्ये ‘कधीच’ हा शब्द नाहीये हा बचाव टिकत नाही. अशी सापडली तर मी लाईन बदलायला सांगेन, शब्द फिरवून बघू नका.

रजिस्टरमध्ये एखादी नोंद रद्द किंवा सोडून दिलेली दिसली तर लोक खूश होतात. नोंद मेली म्हणजे वापर मेला असं नाही. माल अजून दुकानात आहे का ते बघा. आणि ज्या लाईनला तपासणाऱ्याने नकार दिलाय तिची फाईल उघडता येत असेल तर जरूर वाचा. माझ्याकडे एक जण असाच आनंदाने आला होता की आमच्या स्लोगनवर कोणाचंच नाव नाही. फाईल काढली तर त्याआधी तीन वेगवेगळ्या लोकांनी तेच मागितलं होतं आणि तिघांनाही एकाच शेऱ्याने परत पाठवलं होतं, सर्वसाधारण स्तुतीपर वाक्य. त्याचे खोके छापून झाले होते.

रजिस्टरच्या बाहेरचा शोध जास्त कंटाळवाणा आणि जास्त कामाचा. तुमच्या पंधरा-वीस स्पर्धकांची यादी करा, मोठे आणि अगदी छोटेसुद्धा, आणि प्रत्येकाचे टॅग, खोके, ऑनलाइन दुकानातली मालाची माहिती, सोशल मीडियावरचं पान आणि जुन्या जाहिराती, यातली प्रत्येक लाईन एका वहीत उतरवा. आज वापरतात तीच नाही, आधी वापरत होते तीही. वेबॅक मशीनवर साईटची जुनी पानं दिसतात. यादी झाली की तुम्हालाच कळेल की सोबत, प्रवास, बिनधास्त, स्टाईल हे शब्द फिरून फिरून येतायत, हेच शब्द तुमच्यासाठी बाद. वहीत तारीख आणि फोटो ठेवा, उद्या कोणी म्हणालं की तुम्ही आमची लाईन चोरलीत तर आपण प्रामाणिकपणे शोध घेतला होता हे दाखवायला बरं पडतं. वाक्य सिनेमा-गाण्यातलं गाजलेलं नाही ना तेही एकदा बघा.

एवढं करूनही एक भोक राहतं. पॅरिस करारानुसार एखाद्याने एका देशात अर्ज केला की सहा महिन्यांच्या आत दुसऱ्या देशात त्याच तारखेचा हक्क सांगता येतो, म्हणजे आज रजिस्टर कोरं दिसलं तरी तुमच्या आधीची तारीख घेऊन कोणीतरी नंतर उगवू शकतो. यावर इलाज नाही, फक्त सहा महिन्यांनी तोच शोध परत करा आणि तोवर फार मोठा स्टॉक छापू नका.

अर्ज करताना लोक दोन चलाख्या करतात. लाईनमध्ये ब्रँडचं नाव घालतात, म्हणजे नाव आणि पुढे हलकी, मजबूत, टिकाऊ. पास होतं, कारण नाव वेगळं आहे. पण मग संरक्षण नावामुळेच, आणि नाव तर तुमचं आधीच रजिस्टर आहे, उगाच दुसऱ्यांदा फी भरली. दुसरी चलाखी म्हणजे वळणदार अक्षरात, चित्रासकट अर्ज करणं. तेही पास होतं, आणि मग समोरचा तेच शब्द साध्या अक्षरात लिहितो आणि तुम्ही बघत बसता. ‘पाठ सोडत नाही’ एवढंच, साध्या शब्दांत, नाव न जोडता मागा. मिळालं तर शब्द तुमच्या हातात येतात, नाही मिळालं तर निदान का नाही ते कळतं.

स्लोगन गाण्यासारखं कॉपीराइटमध्ये बसेल का असं बरेच विचारतात. तीन-चार शब्दांच्या लाईनला तो रस्ता बहुतेक ठिकाणी मिळत नाही, त्यात वेळ घालवू नका.

आणि वापरायची कुठे. तुम्ही बॅगवाले असल्यामुळे मोह होणार की बॅगेच्या पाठीवर हातभर मोठ्या अक्षरात छापू, मस्त दिसेल. दिसेल खरं, पण मोठ्या अक्षरात छातीवर किंवा पाठीवर छापलेलं वाक्य लोक नक्षी समजतात, टी-शर्टवरच्या डायलॉगसारखं, कोणाचा माल ते त्यातून कळत नाही, आणि काही ऑफिसं याच कारणाने अर्ज परत करतात. टॅगवर, आतल्या लेबलवर, खोक्यावर, ब्रँडच्या नावाजवळ पण त्याच्यापासून थोडी सुटी, दरवेळी अगदी तेच शब्द. आज ‘पाठ सोडत नाही’, उद्या ‘पाठ सोडणारच नाही’ असं भावाला करू देऊ नका. मोठं छापायचंच असेल तर टॅगवर आधी आणि बॅगेवर नंतर. रजिस्टर होईपर्यंत टीएम लावा, वर्तुळातला आर नाही, नोंद नसताना तो लावणं बऱ्याच देशांत गुन्हा आहे.

पहिल्या टॅगचा फोटो आणि पहिल्या बिलाची प्रत एका पाकिटात घालून तारीख लिहून ठेवा. आणि डीलरला लाईन आधीच सांगितली असेल तर अर्ज याच आठवड्यात टाका, शोधाची वही निम्मी झाली असली तरी चालेल, उरलेली नंतर भरा.